दोन पुस्तके, दोन तारखा, एक उत्तर

इतिहासाचा पेपर झाला की एक वाद हमखास उसळतो. एका पुस्तकात राष्ट्रसंघाची स्थापना १९१९ साली झाली असे असते, दुसऱ्यात १९२०. एका पुस्तकात बोल्शेविकांनी २५ ऑक्टोबर १९१७ रोजी सत्ता घेतली, दुसऱ्यात ७ नोव्हेंबरला. मग विद्यार्थी, पालक आणि शिक्षक यांचे तट पडतात. पहिला तट म्हणतो, नेमलेल्या पुस्तकात आहे तेच लिहायचे, डोके चालवायचे नाही. दुसरा म्हणतो, मोठ्या संदर्भग्रंथात आहे तेच सत्य, विद्यार्थ्याने सत्यच लिहिले पाहिजे आणि परीक्षकाने ते मान्य केले पाहिजे. तिसरा तट मधला मार्ग काढतो: दोन्ही तारखा लिहून मोकळे व्हा, एक तरी लागेल. या तिघांचे आपसांत कितीही भांडण असले तरी एक गोष्ट तिघांनीही गृहीत धरलेली असते. दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत, म्हणजे त्यातली एक चुकलेली असणार.

माझा आक्षेप नेमका या गृहीतकावर आहे. पाठ्यपुस्तकांतल्या तारखा जुळत नाहीत तेव्हा बहुतेक वेळा दोन्ही बरोबर असतात, कारण त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. एक तारीख एका दिनदर्शिकेतली असते, दुसरी दुसऱ्या. एक करारावर सह्या झाल्या तो दिवस सांगते, दुसरी तो अंमलात आला तो. म्हणून उत्तर लिहिणाऱ्याने ‘कोणती तारीख खरी’ असे न विचारता ‘ही तारीख कशाची’ असे विचारावे, एक मोजणी निवडावी, ती निवडली आहे हे एका वाक्यात सांगावे आणि शेवटपर्यंत तिला धरून राहावे. निवडताना नेमलेल्या पुस्तकाला पहिला मान द्यावा. पण तो मान पुस्तक सत्याचा शेवटचा शब्द आहे म्हणून द्यायचा नाही. लिहिणारा आणि तपासणारा या दोघांच्या हातात तेच एक पुस्तक आहे, म्हणून द्यायचा.

रशियन क्रांतीचेच उदाहरण सविस्तर घेऊ, कारण जवळजवळ सगळा गोंधळ त्यात सापडतो. १९१७ साली रशियात ज्युलियन दिनदर्शिका चालू होती आणि युरोपच्या बहुतेक भागांत ग्रेगरियन. विसाव्या शतकात या दोहोंत १३ दिवसांचा फरक होता. त्यामुळे पेट्रोग्राडमधल्या स्त्री कामगारांच्या ज्या संपापासून क्रांतीची सुरुवात मानतात, तो जुन्या मोजणीने २३ फेब्रुवारीचा आणि नव्या मोजणीने ८ मार्चचा. झार दुसऱ्या निकोलसने गादी सोडली ती २ मार्चला, म्हणजेच १५ मार्चला. लेनिन परदेशातून पेट्रोग्राडला परतला ३ एप्रिलला, म्हणजेच १६ एप्रिलला. आणि बोल्शेविकांनी सत्ता घेतली २५ ऑक्टोबरला, म्हणजेच ७ नोव्हेंबरला. दोन पुस्तके यांपैकी एकेक रांग छापतात. दोन्ही रांगा आपापल्या जागी निर्दोष आहेत.

आता घटनाक्रम विचारला आहे आणि एखाद्या विद्यार्थिनीने दोन्ही पुस्तकांतून अभ्यास केला आहे असे समजा. ती लिहिते: ८ मार्च १९१७ रोजी पेट्रोग्राडमध्ये संप झाला, क्रांती सुरू झाली, आणि २ मार्चला झारने सत्तात्याग केला. दोन्ही तारखा छापील आहेत, दोन्हींसाठी ती पुस्तकाचे पान उघडून दाखवू शकते. पण तिच्या उत्तरात क्रांती सुरू होण्याच्या सहा दिवस आधीच झार गादीवरून उतरला आहे! कारणाच्या आधी परिणाम आला. अशा उत्तराला गुण का कापले, असे विचारत कोणी पुस्तक घेऊन आले तर काय सांगणार? तारीख चुकलेली नाही, हे खरेच आहे. चुकला आहे तो क्रम, आणि घटनाक्रमाच्या प्रश्नात गुण क्रमालाच असतात.

हे निदान लवकर लागते, कारण विसंगती डोळ्यांत भरते. याहून त्रासदायक प्रकार वेगळा. तीच विद्यार्थिनी लिहिते की लेनिन ३ एप्रिलला परतला आणि ७ नोव्हेंबरला सत्ता हाती आली. इथे क्रम बिघडलेला नाही, त्यामुळे लिहिणारीला काही खटकत नाही आणि घाईत तपासणाऱ्यालाही नाही. पण दोन घटनांमधले अंतर १३ दिवसांनी लांबले. एका उत्तरात हे खपून जाईल. पुढच्या इयत्तेत, जिथे प्रत्येक आठवड्याच्या घडामोडी महत्त्वाच्या ठरतात, तिथे हीच सवय महागात पडते.

मिसळ झाली आहे की नाही हे ओळखायला एक साधी कसोटी आहे आणि ती वर्गात फारशी शिकवली जात नाही, याची मला खंत वाटते. तारखांची तुलना करू नका, तारखांमधल्या अंतरांची करा. २३ फेब्रुवारी ते २ मार्च किती दिवस? सात. ८ मार्च ते १५ मार्च? सातच. २ मार्च ते ३ एप्रिल बत्तीस दिवस, १५ मार्च ते १६ एप्रिलही बत्तीसच. दिनदर्शिका बदलली तरी दोन घटनांमध्ये उलटलेले दिवस बदलत नाहीत. दोन पुस्तकांत प्रत्येक तारीख वेगळी आणि प्रत्येक अंतर सारखे असेल, तर भांडण मिटले: पुस्तके वेगळी मोजणी वापरत आहेत, माहिती एकच आहे. अंतरेच जुळत नसतील, तर मात्र कारण दुसरीकडे शोधावे लागते.

या कसोटीलाही एक मर्यादा आहे आणि ती ठाऊक असलेली बरी. रशियाने दिनदर्शिका बदलली ती १९१८ च्या सुरुवातीला. तिथे ३१ जानेवारीनंतरचा दिवस थेट १४ फेब्रुवारी धरला गेला. त्यामुळे जुनी मोजणी वापरणारे पुस्तक ‘२५ ऑक्टोबर १९१७’ लिहून पुढे ब्रेस्ट-लिटोव्हस्कच्या तहाची तारीख ‘३ मार्च १९१८’ देते. दोन्ही योग्य आहेत, पण त्यांच्यामधले अंतर मोजले तर १३ दिवस जास्त भरते. नव्या मोजणीच्या पुस्तकात ही उडी येत नाही. म्हणून नेमलेल्या पुस्तकाने दुसरे काही ठरवून दिलेले नसेल, तर रशियन क्रांतीवरचे उत्तर नव्या मोजणीत लिहिणे सोयीचे. १९१८ ओलांडताना पाय अडखळत नाही.

परीक्षेत हे प्रत्यक्ष कसे लिहायचे? उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात एक वाक्य पुरते: ‘या उत्तरातील तारखा ग्रेगरियन दिनदर्शिकेनुसार आहेत, त्या वेळी रशियात चालू असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेपेक्षा त्या १३ दिवस पुढे आहेत.’ त्यानंतर ८ मार्च, १५ मार्च, १६ एप्रिल, ७ नोव्हेंबर. घटनेचे नाव मात्र बदलायचे नाही. फेब्रुवारी क्रांती हे त्या घटनेचे रूढ नाव आहे, तिला कोणी मार्च क्रांती केले तर तपासणाऱ्याला वाटेल की विद्यार्थ्याला नावच माहीत नाही. ‘फेब्रुवारी क्रांती मार्च १९१७ मध्ये झाली’ हे वाक्य कानाला विचित्र लागते, पण वरच्या एका वाक्याने त्यातला विचित्रपणा जातो. नेमलेले पुस्तक जुनी मोजणी वापरत असेल तर तेच वाक्य उलटे लिहावे आणि सगळ्या तारखा त्या रांगेतल्या घ्याव्यात.

पहिल्या तटाचे म्हणणे आता नीट ऐकू, कारण त्यात खरोखर वजन आहे. पेपर उत्तरसूचीवरून तपासला जातो. तपासणाऱ्याला एका उत्तरपत्रिकेसाठी मोजकी मिनिटे मिळतात आणि समोर गठ्ठा असतो. एका गुणाच्या प्रश्नात उत्तरसूचीतली तारीख नसेल तर शून्य, हा व्यवहार आहे. मग विद्यार्थ्याने दिनदर्शिकांचा अभ्यास कशाला करायचा? नेमलेले पुस्तक पाठ करावे आणि गुण घ्यावेत. एका गुणाच्या प्रश्नापुरते हे मला पूर्ण मान्य आहे. तिथे नेमलेल्या पुस्तकातली एक तारीख लिहावी आणि पुढे जावे. स्पष्टीकरणाला तिथे जागाही नसते आणि त्याचे गुणही नसतात.

पण मोठ्या उत्तरात हा सल्ला दोन ठिकाणी तोकडा पडतो. एक तर कोणताही विद्यार्थी फक्त एका पुस्तकावर जगत नाही. टिपणे एका ठिकाणची, शिकवणी दुसरीकडची, सरावाचे संच तिसरीकडचे, आणि सगळे डोक्यात एकत्र होते. ‘फक्त नेमलेलेच लिहा’ असे सांगून डोक्यातली भेसळ वेगळी होत नाही. कोणती तारीख कुठल्या रांगेतली हे ओळखता आले तरच ती वेगळी होते. दुसरे म्हणजे प्रश्नाची भाषा नेहमी पुस्तकाच्या भाषेसारखी नसते. राष्ट्रसंघाच्या उदाहरणात हे लख्ख दिसते. पॅरिसच्या शांतता परिषदेने राष्ट्रसंघाची सनद एप्रिल १९१९ मध्ये स्वीकारली. ती व्हर्सायच्या तहाचाच भाग होती आणि त्या तहावर २८ जून १९१९ रोजी सह्या झाल्या. तह अंमलात आला १० जानेवारी १९२० रोजी, आणि राष्ट्रसंघ अस्तित्वात आला तोही त्याच दिवशी. पाठ्यपुस्तकाने जागा वाचवण्यासाठी ‘स्थापना: १९१९’ किंवा ‘स्थापना: १९२०’ एवढेच छापले, म्हणून हे दोन टप्पे एकमेकांचे वैरी झाले. प्रश्नात ‘सनद केव्हा स्वीकारली’ असे आले तर १९२० पाठ केलेल्याचे काय? ‘कार्य केव्हा सुरू झाले’ असे आले तर १९१९ वाल्याचे काय? पर्यायी उत्तरांच्या प्रश्नात १९१९ आणि १९२० दोन्ही पर्याय समोर आले तर निर्णय पाठांतर देत नाही, प्रश्नातले क्रियापद देते. स्वीकारली, सह्या झाल्या, अंमलात आला, काम सुरू झाले: या चार क्रियापदांना चार वेगळ्या तारखा असू शकतात.

म्हणूनच मोठ्या उत्तरात ‘१९१९ मध्ये राष्ट्रसंघ स्थापन झाला’ असे मोघम वाक्य टाळावे. ‘राष्ट्रसंघाची सनद असलेल्या व्हर्सायच्या तहावर जून १९१९ मध्ये सह्या झाल्या आणि जानेवारी १९२० मध्ये तो अंमलात येऊन राष्ट्रसंघ अस्तित्वात आला’ हे वाक्य पंधरा शब्दांनी लांब आहे. पण उत्तरसूचीत १९१९ असो की १९२०, तपासणाऱ्याला त्यात हवे ते सापडते, आणि लिहिणाऱ्याने एकही खोटा शब्द लिहिलेला नसतो. यात लबाडी आहे का? मला तरी दिसत नाही. प्रत्येक तारखेला तिचे क्रियापद दिले आहे, एवढेच.

तिसऱ्या तटाची ‘दोन्ही लिहा’ ही सूचना वरवर हीच वाटते, पण ती नेमकी याच्या उलट आहे. ‘१९१९/१९२०’ असे तिरकी रेघ मारून लिहिणाऱ्याने तारखा कशाच्या आहेत हे सांगितलेले नसते. मला ठाऊक नाही, तुम्हीच निवडा, असे तो तपासणाऱ्याला सांगत असतो. त्याला गुण नाकारणारा परीक्षक कठोर आहे असे मी म्हणणार नाही. तिरकी रेघ मुळात वाईट नाही, तिला अर्थ हवा. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद ३० जानेवारीला झाला. साल? त्या काळी इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे तेव्हाच्या कागदांत ते १६४८, आणि आपण आज धरतो ते १६४९. म्हणून अशा तारखा ‘१६४८/४९’ अशा लिहिण्याची पद्धत तिथे होती. त्या रेघेचा अर्थ लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला एकच कळत असे: जुन्या वर्षारंभाने हे, नव्याने ते. इंग्लंडने १ जानेवारी हा वर्षारंभ मानला आणि ग्रेगरियन दिनदर्शिका घेतली ती १७५२ साली. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर १४ सप्टेंबर आला. त्यामुळे इंग्लंडच्या इतिहासात जानेवारी ते मार्च या काळातल्या घटनेला दोन पुस्तकांत बरोबर एका वर्षाचा फरक दिसला आणि घटना १७५२ च्या आधीची असली, तर पहिला संशय वर्षारंभावर घ्यावा.

एका वर्षाचा असाच फरक शके आणि इसवी यांच्या हिशोबातही येतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे सूत्र अनेकांना पाठ असते आणि वर्षाच्या बहुतेक महिन्यांना ते लागूही पडते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ज्येष्ठ शके १५९६ मधला, ७८ मिळवून १६७४, बरोबर. पण शक वर्ष चैत्रात सुरू होते. पौषाच्या सुमारास इसवी सन बदलतो आणि त्यानंतर फाल्गुनापर्यंत ७९ मिळवावे लागतात. महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ चा. डोळे मिटून ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे साल १६३०. ज्या टिपणात १६२९ आढळेल तिथे नवा पुरावा नसतो, बेरीज फसलेली असते. याउलट १६२७ आणि १६३० हा फरक हिशोबाचा नाही, तो साधनांचा आहे. १६२७ हे साल काही बखरींच्या आधाराने दिले जाई. जेधे शकावलीसारख्या साधनांनी १६३० च्या बाजूने कौल दिला आणि आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख रूढ आहे. हा फरक तीन वर्षांचा आहे, कोणत्याही दिनदर्शिकेने तो मिटणारा नाही, आणि इथे ‘दोन्ही बरोबर’ असे म्हणता येणार नाही. परीक्षेत रूढ तारीख लिहावी. दुसरीचा उल्लेख करायचाच तर तो प्रश्न साधनांबद्दल असेल तेव्हा, आणि कोणत्या साधनाच्या आधाराने हे सांगून.

दुसरा तट, म्हणजे ‘सत्यच लिहा’ म्हणणारे, यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. पाठ्यपुस्तकात चूक असेल आणि सगळेच ती गुणांसाठी गिरवत राहिले तर चूक पक्की होते, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पण परीक्षेच्या तीन तासांत, कोणतेही साधन हाताशी नसताना, विद्यार्थ्याने सत्यनिर्णय करायचा कसा? जाड पुस्तकात आहे म्हणून ते खरे, ही तर पहिल्या तटाचीच विचारसरणी झाली, फक्त पुस्तक बदलले. मोठमोठे इतिहासकारसुद्धा अशा जागी निवाडा देण्याची घाई करत नसत. नवव्या-दहाव्या शतकातला तबरी एकाच घटनेच्या परस्परविरोधी हकिकती शेजारी शेजारी ठेवतो आणि प्रत्येक हकिकत कोणाकडून कोणाकडे आली ती साखळी देतो. ‘दोन्ही लिहा’ म्हणणाऱ्यांना तबरीचा आधार घेता आला असता. पण तबरीजवळ हवी तेवढी पाने होती आणि प्रत्येक हकिकतीमागे नाव होते. विद्यार्थ्याजवळ दोन्ही नसते.

विद्यार्थ्याने पाहायचे तर ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसकडे पाहावे. इसवी सनपूर्व ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात युद्ध पेटले. तेव्हा ग्रीक नगरांची एकच कालगणना नव्हती. प्रत्येक नगर आपल्या अधिकाऱ्याच्या नावाने वर्ष ओळखत असे. थ्युसिडिडीसने काय केले? युद्धाच्या आरंभाचे वर्ष त्याने एकदाच सगळ्यांच्या भाषेत सांगितले: आर्गोसच्या हेरा देवीच्या पुजारिणीचे अठ्ठेचाळिसावे वर्ष, स्पार्टाच्या अमुक एफोरचे, अथेन्सच्या अमुक आर्कनचे. त्यानंतर त्याने या सगळ्या मोजण्या बाजूला ठेवल्या आणि पुढचे युद्ध उन्हाळे आणि हिवाळे यांच्या एकाच हिशोबाने मोजले. तसे का, तेही त्याने सांगून ठेवले: अधिकाऱ्याच्या नावावरून घटना त्याच्या कारकिर्दीच्या आरंभी घडली, मध्यात की अखेरीस, हे कळत नाही. सुरुवातीला मोजण्यांचे नाते एकदा सांगणे आणि मग एकीलाच धरून राहणे, याहून वेगळे मी विद्यार्थ्याकडून काहीच मागत नाही.

नावांच्या लेखनातही हाच गोंधळ आहे, पण त्याचे धोके निराळे. परकी नावे देवनागरीत आणताना ट्रॉट्स्की, त्रोत्स्की, ट्राट्स्की अशी रूपे होणारच. मूळ भाषेच्या तज्ज्ञांनी कितीही सांगितले तरी शाळकरी उत्तरात यांतल्या एका रूपासाठी गुण कापणे मला अन्यायाचे वाटते, कारण माणूस ओळखू येतो. खरा तोटा होतो तो एका माणसाचे दोन झाले की. सातव्या शतकात चीनहून आलेला, हर्षवर्धनाला भेटलेला यात्रेकरू एका पुस्तकात ह्युएनत्संग असतो, दुसऱ्यात युआन श्वांग, आणि अलीकडच्या पुस्तकात श्वानझांग. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धती बदलत गेल्या आणि मराठीने ती नावे वेगवेगळ्या काळात त्या त्या पद्धतीवरून घेतली, म्हणून ही तीन रूपे. दोन पुस्तके वाचलेला विद्यार्थी ‘ह्युएनत्संग आणि युआन श्वांग या चिनी प्रवाशांनी हर्षाच्या राज्याचे वर्णन केले’ असे लिहून जातो, आणि इथे मात्र परीक्षकाने गुण कापले तर तक्रारीला जागा नाही. उलट दिशेने, त्याच शतकाच्या उत्तरार्धात आलेला इत्सिंग हा खरोखरच दुसरा माणूस आहे. त्याला ‘आणखी एक रूप’ समजून पहिल्यात मिसळणे ही तितकीच मोठी चूक.

लेखनाबाबत माझा क्रम असा: प्रश्नपत्रिकेत नाव आले असेल तर तेच रूप उचलावे, नसेल तर नेमलेल्या पुस्तकातले, आणि एकदा घेतलेले रूप शेवटच्या ओळीपर्यंत बदलू नये. दुसरे रूप पहिल्या उल्लेखात ‘ऊर्फ’ किंवा ‘म्हणजेच’ लावून एकदा द्यावे, तेही प्रश्नपत्रिका आणि पुस्तक यांची रूपे इतकी दूरची असतील की माणूसच वेगळा वाटावा, तेव्हाच. प्रत्येक नावाला दोन-दोन रूपे देत बसले तर उत्तर वाचवत नाही.

गावांच्या नावांत आणखी एक सापळा आहे, कारण तिथे दोन पुस्तकांतला फरक कित्येकदा लेखनाचा नसतोच, काळाचा असतो. १९१७ च्या क्रांतीचे शहर एका पुस्तकात पेट्रोग्राड, दुसऱ्यात सेंट पीटर्सबर्ग, तिसऱ्यात लेनिनग्राड. हे सगळे एकच शहर. पण १९१४ मध्ये ते पेट्रोग्राड झाले, १९२४ मध्ये लेनिनग्राड, आणि १९९१ मध्ये पुन्हा सेंट पीटर्सबर्ग. १९१७ च्या उत्तरात पेट्रोग्राड हेच लिहावे. सेंट पीटर्सबर्ग लिहिले तर ढिलाई म्हणून सोडून देता येईल. पण १९१७ मध्ये लेनिनग्राडला संप झाला असे लिहिणारा लेनिनच्या मृत्यूनंतर मिळालेले नाव लेनिन परतण्याआधीच वापरतो आहे.

आतापर्यंत सगळे ओझे विद्यार्थ्यावर टाकले, ते पूर्ण न्याय्य नाही. उत्तरसूची तयार करणाऱ्याजवळ वेळही असतो आणि पुस्तकेही. २५ ऑक्टोबर आणि ७ नोव्हेंबर, १९१९ आणि १९२० या जोड्या काही गुपित नाहीत. अशा जागी उत्तरसूचीत दोन्ही तारखा त्यांच्या टप्प्यासकट किंवा मोजणीसकट नोंदवून, ‘यांपैकी एक ग्राह्य, मात्र उत्तरात मिसळ नसावी’ अशी सूचना देणे हे काही मिनिटांचे काम आहे. त्याने एका गुणाच्या प्रश्नातला अन्याय जवळजवळ संपतो. परीक्षकाने प्रत्येक उत्तरपत्रिकेपाशी थांबून संशोधन करावे, अशी अपेक्षा मी करत नाही. ते आधीच झालेले असावे, एवढीच आहे. आणि प्रश्न काढणाऱ्याने ‘राष्ट्रसंघ केव्हा स्थापन झाला?’ असे न विचारता ‘केव्हा अस्तित्वात आला?’ असे विचारले, तर पुढचा वाद उद्भवतच नाही.

राहता राहिली खरीखुरी छापील चूक. ती असते, आणि तिथे नेमलेल्या पुस्तकाला मी दिलेला मान संपतो. ती ओळखायची कशी? तिच्यातला फरक बहुधा कोणत्याच सूत्रात बसत नाही: १० ते १३ दिवसांचा नसतो, एका वर्षाचा नसतो, सही आणि अंमल यांच्यामधला नसतो. बरेचदा अंकांची अदलाबदल झालेली असते, १९१७ चे १९७१ होते. आणि ती त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या पानाशी भांडते: माणूस जन्माआधी गादीवर बसतो, तह युद्धाआधी होतो. अशी तारीख उत्तरात घेतली की उत्तरही स्वतःशीच भांडू लागते, म्हणून ती घेऊ नये. उत्तरसूचीही त्याच पुस्तकावरून बनली असेल तर एका गुणाच्या प्रश्नात तो गुण जाण्याची शक्यता राहते, हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय परीक्षेच्या आधीच करता येतो. पुस्तक वाचताना अशी जागा सापडली की पान आणि ओळ लिहून शिक्षकाला दाखवावी, आणि शिक्षकाने ती पुस्तक काढणाऱ्या मंडळाला लेखी कळवावी. परीक्षेनंतर केलेल्या तक्रारीत विद्यार्थी फक्त स्वतःच्या गुणाबद्दल बोलत असतो. आधी केलेली तक्रार उत्तरसूची बनण्यापूर्वी पोहोचते, आणि तिचा उपयोग त्या वर्षी पेपर देणाऱ्या सगळ्यांना होतो.